राणी रंग कुठे गेला?

बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने फिनॉल्फ्थॅलीनची बाटली हाताळलेली असते. आम्लात रंगहीन आणि अल्कलीत गुलाबी, एवढे एक वाक्य पाठ असले की प्रॅक्टिकलचे गुण मिळतात. जर्मन रसायनज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये हे द्रव्य पहिल्यांदा बनवले आणि तेव्हापासून ते अल्कली ओळखण्याचे हुकमी साधन झाले. पण हे साधन कधी कधी पाठ केलेल्या वाक्याच्या नेमके उलट वागते.

समजा, एका विद्यार्थिनीने बीकरमध्ये 25 मिलिलिटर कॉस्टिक सोडा घेतला. द्रावण 1 मोलार, म्हणजे लिटरला 40 ग्रॅम. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकताच गडद राणी रंग आला. ती ब्युरेट धुवायला गेली आणि पाच-सात मिनिटांनी परतली, तर बीकरमध्ये जवळजवळ साधे पाणी दिसत होते. मध्ये कुणी काही घातलेले नव्हते.

अशा वेळी वहीत बहुधा एवढेच लिहिले जाते: ‘हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे रंग गेला.’ हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे, कारण टायट्रेशन शिकवताना तेच सांगितलेले असते. शेवटच्या थेंबाला आलेला फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की पुरे, पुढे हवेमुळे तो जाणारच. अडचण अशी की या एका ओळीत काय दिसले आणि ते का घडले हे दोन्ही एकत्र कालवले गेले आहे. किती वाजता, किती वेळात, द्रावण किती तीव्र, भांडे उघडे की झाकलेले, यातले काहीच नाही. महिन्याभराने ही ओळ वाचणाऱ्याला तिच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येणार नाही.

आपल्याकडे जर्नल आणि रफ वही असा भेद असतो. जर्नल घरी बसून, सुवाच्य अक्षरात, उत्तर माहीत झाल्यावर लिहिले जाते. माझ्या मते खरे लॉगबुक म्हणजे रफ वहीच. फक्त ती बांधीव हवी, पानांना क्रमांक हवेत, लेखन शाईने हवे आणि चुकलेला मजकूर एका रेघेने असा खोडलेला हवा की खालचे अक्षर वाचता येईल. पान फाडायचे नाही.

त्या विद्यार्थिनीने प्रयोग पुन्हा लावला आणि या वेळी घड्याळ समोर ठेवले, तर नोंद साधारण अशी होईल:

‘11.10: 1 मोलार कॉस्टिक सोडा 25 मिली, स्वच्छ कोरडा बीकर, न झाकलेला. 0.1 टक्के फिनॉल्फ्थॅलीन 2 थेंब. एकदा ढवळले. खोलीचे तापमान 29 अंश. बीकर पांढऱ्या टाइलवर. रंग गडद राणी. 11.11: स्पष्टपणे फिका. 11.13: अगदी फिका गुलाबी. 11.18: पाण्यासारखा, वरून पाहिल्यास किंचित गुलाबी झाक. द्रावण गढूळ नाही, बुडबुडे नाहीत, तळाशी साका नाही.’

शेवटचे वाक्य अनेकांना फालतू वाटेल. पण जे घडले नाही तेही लिहिले, तर नंतर काही शक्यता आपोआप गळतात. ‘किंचित झाक’ हे शब्दही मोलाचे आहेत. ‘रंगहीन’ असे सरधोपट लिहिले असते, तर थोडा रंग मागे उरला होता ही खूण हरवली असती. रंगाचे नाव मात्र डोळ्यावर आणि उजेडावर अवलंबून असते. म्हणून शेजारी साध्या पाण्याचा बीकर ठेवून तुलना करावी आणि तसे केल्याचे लिहावे.

आता कारणे. ती पानाच्या खालच्या भागात, ‘शक्यता’ असे शीर्षक देऊन वेगळी लिहायची आणि प्रत्येकीसमोर तिचा परिणाम मांडायचा: हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे?

पहिली शक्यता कार्बन डायऑक्साइडची. इथे थोडा हिशेब करू. त्या बीकरमधला सगळा सोडा संपवायला जितका कार्बन डायऑक्साइड लागेल, तितका सुमारे 700 लिटर हवेत असतो. तेवढी हवा आठ मिनिटांत बीकरमध्ये विरघळणे अशक्य आहे. टायट्रेशनच्या शेवटी गोष्ट वेगळी असते. तिथे अल्कली जेमतेम एका थेंबाची जास्त असते, त्यामुळे फ्लास्कमधली थोडी हवाही तिला भारी पडते. शिवाय हवा दोषी असेल, तर विरल द्रावणाचा रंग आधी जायला हवा. म्हणून विद्यार्थिनीने तोच सोडा शंभरपट पातळ करून दुसरा बीकर लावला. पंधरा मिनिटांनीही त्याचा रंग टिकून होता. तिसरा बीकर तीव्र द्रावणाचा, पण घट्ट झाकलेला. त्याचा रंग उघड्या बीकरइतक्याच वेगाने गेला. या दोन ओळी वहीत आल्यावर पहिल्या शक्यतेला जागा उरत नाही.

दुसरी शक्यता अशी की भांड्यात आम्ल राहिले होते. तसे असेल, तर फिक्या झालेल्या द्रावणात नवा थेंब टाकल्यावर रंग येणार नाही. थेंब टाकला, तर राणी रंग आला आणि पुन्हा हळूहळू गेला. म्हणजे अल्कली होती तिथेच आहे. बदलले आहे ते फिनॉल्फ्थॅलीन.

मग ते नष्ट झाले की नुसते रूप बदलून बसले? भांडे धुताना ब्लीच राहिले असेल, तर ते रंगद्रव्य कायमचे मोडून टाकते. याची परीक्षा अशी: फिक्या द्रावणात विरल आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत, द्रावण आम्लधर्मी होईपर्यंत घालायचे. डोळ्यांवर गॉगल हवा, कारण हे मिश्रण गरम होते. थोडे थांबून मग विरल अल्कलीचे काही थेंब घालायचे. गुलाबी रंग परतला, तर रेणू शाबूत आहे आणि ब्लीच निर्दोष.

रंग परततो, आणि तिथे तिसरी शक्यता बळावते. राणी रंगाच्या रूपात या रेणूतले बंध असे जोडलेले असतात की तो हिरवा प्रकाश शोषतो. अल्कली फार तीव्र असली, की तिच्यातला हायड्रॉक्साइड रेणूच्या मधल्या कार्बनला येऊन चिकटतो. जोडणी तुटते आणि रंग जातो. ही क्रिया उलटही फिरते, म्हणून थोडा रंग शिल्लक राहतो. ती ‘किंचित झाक’ हीच. विरल द्रावणात हायड्रॉक्साइड कमी असल्याने हे इतक्या सावकाश होते की डोळ्याला कळत नाही.

वहीने एवढे सिद्ध झाले का? नाही. डोळ्यांनी केलेल्या नोंदी दोन कारणे बाद करतात आणि तिसऱ्याला पाठबळ देतात. रेणूच्या आत काय घडले ते त्या दाखवत नाहीत. म्हणून शक्यतांच्या खाली तिसरीसमोर ‘संभाव्य’ असे लिहायचे, ‘सिद्ध’ नव्हे. त्याखाली पुढचे काम: अर्धा मोलार आणि एक मोलार द्रावणे शेजारी लावून कलरीमीटरवर 550 नॅनोमीटरला दर 15 सेकंदांनी वाचन घ्यायचे. हायड्रॉक्साइडच चिकटत असेल, तर तीव्रता दुप्पट झाल्यावर रंग जाण्याचा वेगही साधारण दुप्पट व्हायला हवा. मात्र दोन्ही द्रावणांत मीठ घालून एकूण क्षारांचे प्रमाण सारखे ठेवावे लागेल, कारण या क्रियेचा वेग त्यानेही बदलतो. तसे नाही केले, तर आकडे दुप्पट आले तरी त्यांचा अर्थ लावता येणार नाही.