पाडव्याची ओवाळणी, चार ठिकाणी

दिवाळी पाडव्याला बायको औक्षण करते आणि नवरा ताटात ओवाळणी घालतो. समजा, पैठणीच्या एका दुकानाला याच क्षणावर जाहिरात करायची आहे. ईमेल, वेबसाइटवरचा बॅनर, एसएमएस आणि दारातलं पोस्टर, सगळीकडे. बहुतेक जण आधी ऐसपैस ईमेल लिहितात आणि मग ती कापत कापत एसएमएसपर्यंत येतात. खरं तर सुरुवात एसएमएसपासून करावी, कारण तिथेच जागा सर्वांत कमी.

देवनागरी एसएमएसमध्ये 70 चिन्हं मावतात. अक्षरं नव्हे, चिन्हं. ‘पाडव्याची’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण काना, वेलांटी आणि न दिसणारा हलन्तही मोजला जात असल्याने तो नऊ जागा खातो. सत्तरच्या पुढे एक चिन्ह गेलं तरी दोन एसएमएसचे पैसे पडतात. म्हणून मजकूर असा:

‘पाडव्याची ओवाळणी पैठणीची. फॉल-पिको मोफत, भाऊबीजेपर्यंत.’

ही झाली 55 चिन्हं. उरलेल्या पंधरांत दुकानाचं नाव बसवायचं. भारतात जाहिरातीच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आयत्या वेळी शब्द फिरवता येत नाहीत. त्यामुळे हीच वाक्यं बाकी तिन्ही ठिकाणी प्रमाण धरावीत.

पोस्टरवर दुकानाचं नाव लहान चालेल, वर पाटी आहेच. पहिलं वाक्य मात्र मोठं हवं. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान इंचभर उंच, हा ढोबळ हिशेब. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत इतकं अंतर ओळींत ठेवावं. मोबाइलवरचा बॅनर अनेकदा जेमतेम 320 बाय 50 पिक्सेलचा असतो. त्यात पहिलं वाक्य आणि ‘पैठण्या पाहा’ हे बटण, एवढंच. छापण्याआधी आणि चढवण्याआधी ‘व्या’ नीट जुळलाय ना, हे पाहावं. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ही जोडाक्षरं फुटतात.

ईमेलचा विषय म्हणजे तेच पहिलं वाक्य. आत मात्र कामाचं सांगायला जागा आहे: ‘फॉल-पिकोला दोन दिवस लागतात. पाडव्याला पैठणी ताटात हवी असेल, तर धनत्रयोदशीच्या आधी या.’ दुकानातला माणूस गिऱ्हाइकाशी असंच बोलतो. इथे एकदम ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो’ आलं, तर पोस्टरवरचा घरगुती सूर गेलाच. ‘तुम्ही’ ठरलं की चारही ठिकाणी ‘तुम्ही’च.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मुदतीचा. पोस्टरवर ‘भाऊबीजेपर्यंत’ आणि बॅनरवर ‘महिनाअखेरपर्यंत’ असेल, तर भांडण गल्ल्यावर होतं. चारही मजकूर एका कागदावर उतरवून गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावावेत. तो जिथे अडखळेल, तिथेच गिऱ्हाईकही अडखळणार. आणि भाऊबीजेच्या रात्री पोस्टर उतरवाल, तेव्हा वेबसाइटवरचा बॅनरही आठवणीने उतरवा.