४३ सेकंदांची दुफळी

२१ ऑक्टोबर २०१८. देखभालीच्या कामात ‘गिटहब’च्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. आतले डेटाबेस धडधाकट होते. बाहेरच्यांना ते मेल्यासारखे वाटले.

डेटाबेसवर नजर ठेवणारे सर्व्हर त्या सेंटरबाहेरही होते, काही पश्चिम किनाऱ्यावर, काही क्लाउडमध्ये. त्यांचे मिळून बहुमत, म्हणजे कोरम, भरले आणि त्यांनी पश्चिमेकडच्या प्रतीला मुख्य नेमले. दोनच जागा असत्या, तर एकास एक मत पडून निर्णयच झाला नसता. म्हणून छोट्या मांडणीतही केवळ मत देणारा तिसरा सर्व्हर ठेवतात; तोच विटनेस.

इथे कोरम चुकला नव्हता. पण कोरम नवा कारभारी नेमतो, जुन्याच्या हातातली वही काढून घेत नाही. पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नाहीत. एका गजबजलेल्या क्लस्टरवर अशा ९५४ होत्या.

वही काढून घेणे म्हणजे फेन्सिंग: नव्याला नेमण्याआधी जुन्याची वीज तोडायची किंवा त्याचा डिस्कवर लिहिण्याचा हक्क काढायचा. संपर्कच तुटला, तर हा हुकूम पोचणार कसा? म्हणून बहुमत गमावलेल्या सर्व्हरने ठरल्या वेळेत स्वतःच बंद पडायचे, आणि नव्याने तेवढा वेळ थांबायचे. आधी लिहिलेल्या, पण न पोचलेल्या नोंदी मात्र यानेही वाचत नाहीत.

गिटहबची सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.