पेंढ्यातले पाणी आणि हवेतले पाणी : घरातली धिंगरी अळिंबी

मृगाचा पाऊस स्थिरावला की मालवणच्या आसपासच्या रानात वारुळांवर अळंबी उगवते. ती आणायला मुले भल्या पहाटे बाहेर पडतात, आणि वाटा चार दिवसांत संपतो. ही अळंबी घरात का लावता येत नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर असे, की वारुळावरच्या अळंबीची बुरशी वाळवीच्या सोबतीनेच वाढते. वाळवी आपल्या वारुळात ती बुरशी जोपासते, आणि ती जागा आपल्याला तयार करता येत नाही. पण मेलेल्या लाकडावर आणि वाळलेल्या काडीवर जगणारी एक अळिंबी आहे, तिला कोणाचीच सोबत लागत नाही. हिंदीतून आलेले तिचे नाव धिंगरी. इंग्रजीत तिला कालवाचे नाव दिले आहे, कारण तिची टोपी कालवाच्या शिंपेसारखी एका बाजूला पसरते. मालवणच्या मुलांना हे साम्य सांगावे लागत नाही.

भाताच्या पेंढ्यावर ही अळिंबी वाढवण्याची पद्धत आपल्या देशात नवी नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो आणि श्रीवास्तव यांनी 1962 साली पेंढ्यावरच्या लागवडीचे प्रयोग प्रसिद्ध केले. सिंधुदुर्गात भात होते, पेंढा घरचाच असतो आणि हवा दमट असते. म्हणजे सगळे अनुकूल, असे आम्हालाही वाटले होते. त्या समजुतीने आम्ही जुलैच्या अखेरीस दहा पिशव्या भरल्या आणि त्यांतल्या सहा फेकून दिल्या. त्या सहा पिशव्यांनी जे शिकवले तेच येथे सांगायचे आहे.

लागवडीच्या पायऱ्या आधी पाहू. पेंढा त्याच वर्षीचा, पिवळाधमक आणि उडवीत न भिजलेला हवा. काळपट पडलेल्या पेंढ्यात दुसऱ्या बुरशींनी आधीच घर केलेले असते. कोयत्याने त्याचे दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करावेत आणि पोत्यात भरून रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावेत. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होते, ते वापरू नये. पेंढा तरंगतो, म्हणून पोत्यावर चिरा ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी तेच पोते सुमारे 80 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवायचे. आंघोळीचे पाणी तापवायचा मोठा हंडा आणि प्रयोगशाळेतला तापमापक यावर काम भागते.

रात्रभर भिजवायचे कशासाठी? कोरड्या काडीच्या पोकळीत हवा असते, आणि हवेतून उष्णता आत लवकर पोहोचत नाही. शिवाय ओलाव्याने जागे झालेले बीजाणू सुप्त बीजाणूंपेक्षा उष्णतेला लवकर बळी पडतात. एका तासाने पेंढा पूर्ण निर्जंतुक होत नाही, पण धिंगरीशी स्पर्धा करणाऱ्या बहुतेक बुरशी मरतात, आणि धिंगरीला पुढे जायला तेवढी सवड पुरते. हेच काम फॉर्मलिन आणि बुरशीनाशकाच्या द्रावणानेही करतात. फॉर्मलिनची वाफ घातक असल्यामुळे शाळेत आणि घरात गरम पाणीच बरे.

आता पेंढा निथळायचा. आम्ही चुकलो ते याच ठिकाणी.

अळिंबीत दहा भागांत नऊ भाग पाणी असते. अर्धा किलो अळिंबी म्हणजे साडेचारशे ग्रॅम पाणी. हे पाणी ती हवेतून घेत नाही. पेंढ्यात पसरलेले बुरशीचे धागे ते पेंढ्यातून ओढून टोपीपर्यंत पोहोचवतात. म्हणजे पेंढा ही पाण्याची साठवण आहे. ही साठवण सत्तर टक्क्यांच्या आसपास असावी लागते. त्याहून फार कमी असली तर पीक कमी येते. जास्त असली तर काड्यांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, धाग्यांना श्वसनाला हवा मिळत नाही आणि हवेवाचून जगणारे जिवाणू तेथे माजतात.

सत्तर टक्के ओलावा ओळखायचा कसा? मुठीत पेंढा घट्ट पिळल्यावर बोटांमधून एखाददुसरा थेंब यावा आणि तळहात ओला व्हावा, ही नेहमीची परीक्षा. पण मुठीची ताकद प्रत्येकाची निराळी. वर्गासाठी ताणकाटा अधिक चांगला. एक किलो वाळलेल्या पेंढ्यातही साधारण शंभर ग्रॅम पाणी असते, म्हणजे खरा कोरडा भाग नऊशे ग्रॅम. ओल्या पेंढ्यात कोरडा भाग तीस टक्के हवा असेल, तर नऊशे भागिले 0.3, म्हणजे तीन किलो. एक किलो पेंढा भिजून निथळल्यावर तीन किलो भरला की ओलावा बेताचा. साडेतीन किलोच्या वर भरला तर तो अजून निथळायला हवा.

जुलैत आम्ही हे वजन केले नव्हते. ओटीवर पसरलेला पेंढा दुपारपर्यंत तसाच टपकत राहिला, कारण भोवतालची हवाच पाण्याने भरलेली होती. कंटाळून आम्ही तो भरला. आठव्या दिवशी पिशव्यांच्या तळाशी पिवळट पाणी साचले आणि आंबूस वास येऊ लागला. मग पांढऱ्या धाग्यांच्या मध्ये हिरवे ठिपके दिसले. ही ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. ठिपका लहान असेल तर तेवढा भाग काढून टाकता येतो. पिशवीभर पसरला की ती पिशवी घरापासून दूर पुरावी, उघडून पाहू नये. उघडली की तिचे बीजाणू बाकीच्या पिशव्यांवर जातात.

सप्टेंबरमध्ये आम्ही पेंढा चुलीच्या धगीजवळ बांबूच्या तट्ट्यावर पसरला आणि वजन तीन किलोवर आल्यावरच भरला. पेंढा हाताला थंड लागला पाहिजे, नाहीतर बियाणे भाजते. बियाणे म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर संशोधन करणारे केंद्र आहे. आमच्या हवेला मानवणारी जात प्लुरोटस साजोर-काजू. ती साधारण 20 ते 30 अंशांत येते. ओल्या पेंढ्याच्या दोन टक्के, म्हणजे तीन किलोला साठ ग्रॅम बियाणे पुरते. पिशवीत चार बोटे पेंढा दाबून बसवायचा, कडेने बियाणे पेरायचे, पुन्हा पेंढा, असे पाच-सहा थर. तोंड बांधून स्वच्छ दाभणाने वीस-पंचवीस भोके पाडली की पिशवी अंधाऱ्या खोलीत ठेवायची. पिशव्या एकमेकींवर रचू नयेत. वाढणारी बुरशी स्वतः उष्णता निर्माण करते, आणि रचलेल्या पिशव्या आतून तापतात.

या काळात पाणी मुळीच मारायचे नाही. अठराव्या दिवशी आमच्या पिशव्या पांढऱ्याशुभ्र आणि घट्ट झाल्या. मग प्लॅस्टिक कापून काढले आणि ते गठ्ठे सुंभाच्या शिंकाळ्यांत पडवीत टांगले. येथून पुढे हवेतल्या पाण्याचा प्रश्न येतो.

हवेतला दमटपणा अळिंबीला पाणी पुरवत नाही, पेंढ्यातले पाणी किती वेगाने उडून जाईल ते ठरवतो. तो ऐंशी ते पंचाऐंशी टक्के असावा. मोजायला दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती ओली सुती चिंधी गुंडाळून तिचे टोक वाटीतल्या पाण्यात सोडावे आणि पुठ्ठ्याने वारा घालावा. कोरडा तापमापक 28 अंश दाखवत असताना ओला 26 दाखवत असेल, तर दमटपणा सुमारे 85 टक्के. फरक चार अंशांचा झाला तर तो सुमारे 72 टक्क्यांवर उतरला, आता फवारा हवा. फरक अर्ध्या अंशावर आला तर पाणी मारूच नये.

हा शेवटचा मुद्दा कोकणात विशेष. पावसाळ्यात टोपीवर पडलेले पाणी वाळत नाही, आणि त्या ओलीत टोप्या पिवळसर, बुळबुळीत होतात. हवा पूर्ण भरलेली असली की टोपीतून बाष्प निघत नाही आणि पेंढ्यातून वर येणारा पाण्याचा ओघही मंदावतो. म्हणून पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवायची. उलट जानेवारीत घाटाकडचा कोरडा वारा सुटला की दोन तासांत कोवळे कळे करपून तपकिरी होतात. तेव्हा खिडक्यांना ओले गोणपाट लावावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवारा मारावा. गोणपाट लावताना हवा मात्र कोंडू नये. कोंडलेल्या हवेत कर्बवायू साचतो. देठ लांबलचक आणि टोपी बटणाएवढी दिसली, तर कारण पाणी नव्हे, हवा हे ओळखावे. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतपत पुरे.

उघडल्यावर चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे कळे दिसले, आणि त्यापुढे वाढ डोळ्यांदेखत झाली. काल सुपारीएवढी असलेली टोपी आज तळहाताएवढी होते. काढणीची वेळ म्हणून दिवसांत मोजता येत नाही, टोपीच्या कडेवरून ठरवावी लागते. कड खाली, आतल्या बाजूला किंचित वळलेली असताना काढावी. कड सपाट होऊन वर उलटू लागली की उशीर झाला. टोपी चिवट होते, वजन घटते आणि खालच्या पाळ्यांतून बीजाणूंची पांढरी भुकटी गळू लागते. बंद खोलीत ही भुकटी श्वासात गेली तर काहींना खोकला आणि ताप येतो, म्हणून मुलांना नाकावर रुमाल बांधायला सांगावे. काढणी सकाळी, पाणी मारण्याआधी करावी. भिजलेली अळिंबी लवकर नासते. एका घोसातली सर्वांत मोठी टोपी तयार झाली की सगळा घोस मुळाशी धरून पिळून काढावा. बुडखा मागे राहिला तर तो कुजतो.

गठ्ठ्यावर काळी शाई गळणारी बारीक छत्री उगवली, तर ती दुसरीच बुरशी आहे; उपटून टाकावी, खाऊ नये. धिंगरीच्या पाळ्या देठावर खालपर्यंत उतरलेल्या असतात.

एका गठ्ठ्याची आमची नोंद अशी : पहिली तोडणी 380 ग्रॅम, आठ दिवसांनी दुसरी 210, त्यानंतर दहा दिवसांनी तिसरी 90. एक किलो पेंढ्याला 680 ग्रॅम. प्रत्येक तोडणीनंतर गठ्ठा ताणकाट्याला लावला, तर घट तोडलेल्या अळिंबीपेक्षा नेहमीच जास्त भरे. उरलेले काही पाणी हवेत गेले, आणि पेंढ्यातला काही कोरडा भाग बुरशीने श्वसनात जाळला. चौथ्या तोडणीची वाट पाहू नये. गठ्ठा हाताला मऊ लागतो आणि त्यावर माश्या जमू लागतात. आम्ही तो माडाच्या आळ्यात घातला.