ओढा फुगतो तेव्हा

30 जून 2024, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून ओढा उतरतो. पुण्याहून आलेलं एक कुटुंब त्या ओढ्याच्या पात्रात भिजायला उतरलं होतं. पाहता पाहता पाणी वाढलं. सगळे पात्रातल्या एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. काठ अगदी जवळ होता, पण तिथवर पोचणं अशक्य झालं होतं. लोंढ्याने त्यांना वाहून नेलं. एक महिला आणि चार मुलं, असे पाच जण गेले. हे सगळं काठावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं.

पाणी इतकं झटकन कसं वाढलं, हे दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून घाटात जाणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. सह्याद्रीचा कातळ काळ्या बसाल्टचा आहे. त्यावरची माती पातळ, आणि जुलै उजाडेपर्यंत तीही भिजून तृप्त झालेली असते. वर पठारावर पडलेली सर मुरायला जागाच शोधत नाही, ती थेट ओढ्यात येते. उतार तीव्र आणि अंतर थोडं असल्यामुळे वरचं पाणी काही मिनिटांत खाली पोचतं. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस थांबलेला असेल, ऊनही पडलेलं असेल. वरच्या पठारावर सर कोसळत असेल तर ओढा फुगणारच. म्हणून डोक्यावरच्या आभाळावरून पाण्याचा अंदाज बांधू नये. धबधब्याच्या माथ्याकडे, डोंगरावर ढग किती दाटलेत, ते पाहावं.

ओढा बऱ्याचदा आधी खूण देतो. स्वच्छ पाणी गढूळ होतं. काटक्या, पालापाचोळा वाहून येऊ लागतो. पाण्याचा आवाज जड होतो. पोचल्यावर काठाजवळचा एखादा दगड हेरून ठेवावा आणि अधूनमधून त्याच्याकडे पाहावं. तो बुडू लागला की सामान, चपला, फोटो यांची वाट न पाहता ताबडतोब बाहेर पडून उंचावर जावं. मात्र खूण दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. कधी कधी लोंढा खुणेसकट येतो.

पाणी गुडघ्याएवढंच आहे, हा दिलासाही फसवा असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पायाखाली शेवाळलेला दगड असेल तर गुडघाभर पाणी धडधाकट माणसालाही आडवं करतं, मग कडेवरच्या मुलाची काय कथा! परतीच्या वाटेवर ओढा फुगलेला दिसला तर अलीकडेच थांबावं. पाऊस ओसरला की हे छोटे ओढे बहुधा तास-दोन तासांत उतरतात. उशीर झाला तरी चालेल. धबधब्याच्या तोंडाशी, वरच्या अंगाने ओढा ओलांडायचा नाही, हा नियम तर कधीच मोडू नये.

दुसरा धोका आपणच निर्माण करतो, तो गर्दीचा. 15 जून 2025 रोजी, पुन्हा रविवारीच, तळेगाव दाभाडेजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक झालेला होता, तरी नदीचं पाणी पाहायला माणसं त्यावर दाटीने थांबली होती. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या खोदीव पायऱ्यांवर वेगळी अडचण होते. खड्या चढाच्या त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणालाच हलता येत नाही, आणि वरचा एक घसरला तर खालच्यांना घेऊन जातो. पायथ्यावरून पायऱ्यांवर रांग दिसली, तर त्या दिवशी गड खालूनच पाहावा. जमत असेल तर सुट्टीचा वार टाळावा.

निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाटमाथ्यासाठी इशारा अनेकदा वेगळा दिलेला असतो. पुणे शहराला यलो अलर्ट आणि पुण्याच्या घाटमाथ्याला ऑरेंज, असं होऊ शकतं. आपल्याला लागू असतो तो घाटमाथ्याचा. तिथे ऑरेंज किंवा रेड असेल तर ओढा आणि धबधबा बेतातून काढून टाकावा. जिल्हा प्रशासनाने ते ठिकाण बंद केलंय का, हेही पाहावं. गावकरी 'आज जाऊ नका' म्हणाले तर वाद घालू नये. त्या ओढ्याचं प्रत्येक पावसाळ्यातलं रूप त्यांनी पाहिलेलं असतं.

एवढं करूनही कुणी वाहून गेलंच, तर मागोमाग उडी मारू नये. काठावरून दोर, काठी, ओढणी जे हाताशी असेल ते पुढे करावं, आणि एकाने लगेच 112 वर फोन लावावा. घाटात रेंज जाते, म्हणून रेंज कुठवर होती हे येतानाच पाहून ठेवावं. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक अशा वेळी दोर घेऊन धावून येतात, पण त्यांनाही पोचायला वेळ लागतो. फुगलेला ओढा तेवढा वेळ देत नाही, म्हणून निर्णय पाण्यात उतरण्याआधीच घ्यायचा असतो.