नावामागचा मालक

टीसीएस आणि टाटा सन्स या दोन्ही मुंबईच्या कंपन्या. टीसीएस पब्लिक लिमिटेड आहे, शिवाय शेअर बाजारात नोंदलेली. तिचा शेअर कोणीही घेतो, विकतो. कंपनीची परवानगी लागत नाही. प्रवर्तकांकडे किती टक्के, लोकांकडे किती, हे दर तिमाहीला जाहीर होतं. त्यात दिसतं की सत्तर टक्क्यांहून अधिक हिस्सा टाटा सन्सचा आहे. म्हणजे ‘पब्लिक’ असली तरी ताबा लोकांचा नाही.

मग टाटा सन्स कोणाची? सुमारे ६६ टक्के टाटा ट्रस्ट्सची आणि १८ टक्क्यांच्या आसपास शापूरजी पालनजी समूहाची. २०१७ मध्ये भागधारकांनी तिला प्रायव्हेट करण्याचा ठराव केला, तेव्हा मिस्त्री कुटुंबाने विरोध केला. कारण उघड आहे: प्रायव्हेट कंपनीला शेअर हस्तांतरणावर बंधन घालावंच लागतं, सभासदही साधारणपणे दोनशेच्या आत. हिस्सा कागदावर मोठा, पण विकायचा कोणाला, हे एकट्याच्या हाती राहत नाही.

एकल व्यक्ती कंपनीत हा पेचच नाही. सभासद एकच, आणि नावात ‘ओपीसी’ लिहावंच लागतं. मात्र मालकाच्या मृत्यूनंतर सभासद कोण होणार, त्याचं नाव त्याच्या लेखी संमतीने स्थापनेवेळीच द्यावं लागतं.

कोणत्याही कंपनीशी व्यवहार करण्याआधी तिचं वार्षिक विवरणपत्र कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहा.