रव्याचा ‘खा’ होऊ नये म्हणून

किराणा दुकानातल्या छोट्या बिलावर ‘रवा’ लिहिलेला असतो आणि गिऱ्हाईक वाचतं ‘खा’. ‘र’ची शेपटी शेजारच्या ‘व’ला चिकटली की असंच होणार, कारण ‘ख’ची घडणच तशी आहे. दोष छपाईयंत्राला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक असते ती फॉन्टच्या आणि बिलाच्या मांडणीच्या निवडीत.

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. बारीक तापणाऱ्या बिंदूंची एक ओळ उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावर ठिपके उठवते. नेहमीच्या २०३ डीपीआयच्या यंत्रात एका मिलिमीटरला ८ ठिपके बसतात. ५८ मिमीच्या रोलवर छपाई होते ती ४८ मिमी रुंदीत, म्हणजे आडव्या ओळीत ३८४ ठिपके. ८० मिमीच्या रोलवर बहुधा ५७६ मिळतात. ठिपका एकतर काळा उमटतो किंवा उमटतच नाही; मधली राखाडी छटा नसते. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांच्या कडा राखाडी छटांनी गुळगुळीत दिसतात. बिलावर त्या छटा गळतात आणि बारीक रेघ तुटते.

त्यामुळे फॉन्ट निवडताना पहिली कसोटी रेघेच्या जाडीची. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेघांचे फॉन्ट पुस्तकात देखणे दिसतात, पण बिलावर त्यांची बारीक रेघ एका ठिपक्यावर येते आणि पुसट होते. रेघ सगळीकडे सारखी आणि निदान दोन-तीन ठिपके जाड हवी. मात्र फार ठळक फॉन्टही नको. उष्णतेने ठिपका थोडा पसरतो, ‘ब’च्या पोटातली रेघ बुजते आणि तो ‘व’सारखा दिसू लागतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचीही अशीच गल्लत होते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ (`Mukta`) हा मोफत फॉन्ट सात वजनांत मिळतो. त्यातलं `Medium` किंवा `SemiBold` आधी छापून पाहावं. सगळीच अक्षरं बुजत असतील, तर फॉन्ट बदलण्याआधी प्रिंटरची डेन्सिटी एक पायरी उतरवावी.

जागा कमी पडली की अक्षरं आडवी दाबण्याचा मोह होतो. तसं केलं तर उभ्या रेघा, म्हणजे नेमका काना आणि अक्षरांचे दंड, बारीक होतात आणि शिरोरेघ मात्र तेवढीच जाड राहते. अरुंद अक्षर हवंच असेल तर मुळात तसंच रेखाटलेलं घ्यावं. `Noto Sans Devanagari Condensed` हा तसा फॉन्ट आहे.

पण त्याआधी मांडणी तपासावी. समजा, ५८ मिमीच्या बिलावर माल, वजन, दर आणि रक्कम असे चार रकाने आहेत. आकड्यांचे तीन रकाने आणि मधल्या फटी वजा जाता नावाला जेमतेम १५० ठिपके उरतात. ‘थालीपीठ भाजणी ५०० ग्रॅम’ हे नाव ९ पॉइंटांत, म्हणजे सुमारे २५ ठिपक्यांच्या आकारात, अडीचशेच्या आसपास ठिपके घेतं. ते १५० मध्ये कोंबायचं तर अक्षर साडेपाच पॉइंटांपर्यंत खाली आणावं लागतं, आणि तिथे कुठलाही फॉन्ट टिकत नाही. उपाय सोपा आहे. पहिल्या ओळीत पूर्ण रुंदीत नाव द्यायचं आणि खालच्या ओळीत वजन, दर, रक्कम. कागद थोडा जास्त जातो, पण नाव वाचता येतं.

उंचीही विसरू नये. मराठी अक्षराला शिरोरेघेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार लागतात. २५ ठिपक्यांच्या अक्षराला ओळ साधारण ३६ ठिपक्यांची ठेवावी, नाहीतर ‘कुर्डई’चा रफार छाटला जातो किंवा ‘ड्रायफ्रूट’चा ऊकार खालच्या ओळीत घुसतो.

काही बिघाड मात्र फॉन्टने सुटत नाहीत. मराठीऐवजी प्रश्नचिन्हं उमटली, तर प्रिंटर स्वतःची अंगभूत अक्षरं वापरतोय. त्यांत बहुधा देवनागरी नसते, म्हणून बिल चित्ररूपात पाठवावं लागतं. ‘हिंग’ची वेलांटी ‘ह’च्या पुढे गेली, तर सॉफ्टवेअरला अक्षरजोडणी येत नाही. अक्षरांच्या रेघा कुठे जाड, कुठे गायब दिसल्या, तर बिलाचं चित्र छापताना लहान-मोठं केलं जातंय. ते थेट ३८४ ठिपके रुंदीचं बनवायला सांगावं.

नवं बिलिंग सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर घेताना विक्रेत्याच्या नमुना बिलावर भरवसा ठेवू नका. रवा, खवा, हिंग, सुंठ, कुर्डई, ड्रायफ्रूट आणि तुमच्या दुकानातलं सगळ्यात लांब नाव एवढा माल त्याच्यासमोर तुमच्याच रुंदीच्या रोलवर छापून घ्या. ती चिठ्ठी हातभर अंतरावरून एखाद्या वयस्कर गिऱ्हाइकाला न अडखळता वाचता आली, तरच पैसे द्या.