बोलणाऱ्याचे मौन : ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ह्या कादंबरीतील निवेदन

वसाहतकालीन ग्रंथांतील मौनाचा विचार करताना आपण बहुधा जो ग्रंथात बोलतच नाही त्याचा शोध घेतो. परंतु ज्या ग्रंथात एतद्देशीय पात्रच जवळजवळ अथपासून इतिपर्यंत बोलत असते, त्यात मौन कोठे शोधावयाचे? फिलिप मेडोज टेलर ह्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही १८३९ साली लंडनला प्रसिद्ध झालेली कादंबरी ह्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. टेलर निजामाच्या सेवेत होता आणि ठगांचे जबाब त्याने स्वतः ऐकलेले होते. तीन खंडांच्या ह्या कादंबरीचा निवेदक अमीर अली हा तुरुंगातील ठग आहे. आपल्या हातून ७१९ माणसे मारली गेली, असे तो सांगतो. कथा त्याची, वाणीही त्याचीच. असे असता त्याला मुका कसे म्हणता येईल?

ह्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम अमीर अली कोणत्या अटीवर बोलतो हे पाहावे लागते. तो माफीचा साक्षीदार आहे. विल्यम स्लीमन ह्याच्या देखरेखीखाली ठगांविरुद्ध जी मोहीम चालली, तिचा आधार असे साक्षीदारच होते. सर्व गुन्हे कबूल करावेत, साथीदार दाखवून द्यावेत, म्हणजे फाशी टळे. मात्र सुटका होत नसे. १८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत सामील असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरविला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. अशा व्यवस्थेत साक्षीदाराला गप्प राहणे परवडत नाही, आणि थोडे सांगणेही परवडत नाही. जितके तो अधिक सांगेल तितका तो उपयुक्त, आणि जितका उपयुक्त तितका त्याचा जीव सुरक्षित. म्हणजे येथे सत्ता बोलण्यास बंदी करीत नाही. ती बोलण्याची सक्ती करते. ह्या सक्तीच्या बोलण्यात ज्याची विचारणा झाली नाही तेवढेच नेमके न बोललेले राहते.

ही विचारणा कादंबरीत कशी लपते हे आता पाहू. पहिल्याच वाक्यात अमीर अली साहेबाच्या मागणीचा उल्लेख करतो. साहेबाने जीवनवृत्तान्त विचारला म्हणून तो सांगतो आहे. म्हणजे उत्तराने ग्रंथ सुरू होतो, प्रश्न ग्रंथाच्या आधीच होऊन गेलेला असतो. पुढे ‘साहेब’ हे संबोधन वारंवार येते, पण ज्या प्रश्नांनी कथेला वळण दिले ते क्वचितच दिसतात. स्लीमनने १८३६ साली कलकत्त्यास छापलेल्या ‘रामसीआना’ ह्या ग्रंथात साक्षीदारांशी झालेली संभाषणे प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत. तेथे अधिकाऱ्याला काय जाणून घ्यावयाचे आहे हे वाचकाला कळते. कादंबरीत प्रश्न गळून पडतात आणि उत्तरे जोडली जाऊन आत्मकथा होते. जे मागून घेतले ते आपण होऊन दिल्यासारखे भासू लागते. शिवाय एका ठिकाणी साहेब स्वतः निवेदन हाती घेऊन अमीर अलीचा बांधा, चेहरा आणि पोशाख ह्यांचे सविस्तर वर्णन करतो. साहेबाचे तसे वर्णन करण्याची संधी अमीर अलीला दिलेली नाही. पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा, ही वाटणी निवेदकाच्या प्रथमपुरुषाने बदलत नाही.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने दुसरा मुद्दा ‘रामसी’ बोलीचा आहे. ‘रामसीआना’मध्ये ह्या बोलीचा कोश दिलेला आहे, आणि त्यातील कित्येक शब्द टेलरने कादंबरीत तसेच ठेवले आहेत. सावज भुलविणारा तो सोथा, खड्डे खणणारा तो लुगा, गळा आवळण्यासाठी दिली जाणारी खूण ती झिरनी, आणि ज्याला मारावयाचे तो वाटसरू म्हणजे बनिज. ह्यांपैकी शेवटचा शब्द हिंदुस्थानीत केवळ व्यापार ह्या अर्थाचा आहे. आपल्या ‘वाणिज्य’ ह्या शब्दाचा तो सगोत्र होय. रामसी ही स्वतंत्र भाषा नव्हे. हिंदुस्थानीच्या व्याकरणावर बसविलेला तो एक सांकेतिक शब्दसंग्रह आहे. अशा बोली अनेक व्यवसायांत आढळतात. आपल्याकडील दलालांची आकड्यांची सांकेतिक भाषा, किंवा गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून होणारा सौदा, ह्यांवरून कोणी त्या लोकांना वेगळी जात वा वेगळा मानववंश मानीत नाही. परंतु कोश अधिकाऱ्याच्या प्रयोजनाने जमविला, म्हणून त्यात शकुन, हत्या, लूट आणि विल्हेवाट ह्यांचे शब्द भरले. त्याच माणसाने शेत कसताना, सारा देताना किंवा घरी मुलांशी बोलताना वापरलेली भाषा नोंदण्याजोगी ठरली नाही. परिणामी, ह्यांच्या भाषेत खुनाखेरीज काही नाही, म्हणून ह्यांच्या जीवनातही काही नाही, असा भास उत्पन्न होतो. हे मौन एखाद्या वाक्यात नसून संग्रहाच्या निवडीत आहे.

असे असूनही ग्रंथाची वीण सर्वत्र घट्ट नाही. एके ठिकाणी अमीर अली साहेबाला सांगतो की तुम्ही इंग्रज शिकारीचे मोठे शोकी. वाघरानडुकरांमागे दिवस घालविता, जीव धोक्यात घालता. ठगाची शिकार तर त्याहून मोठी. टेलरच्या वाचकाला ह्यात ठगाचा निगरगट्टपणा दिसावा, ही योजना उघड आहे. तथापि क्षणभर येथे पाहिला जाणारा पाहणारा होतो, आणि साहेबाच्या आवडत्या विरंगुळ्याचे मोजमाप ठगाच्या हातात जाते. लेखकाने एका हेतूने घातलेले वाक्य दुसराच अर्थ बोलून जाते. असे स्थळ सापडल्यास त्याच्याभोवतीचे निवेदन बारकाईने वाचावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मौन दाखविले म्हणजे त्यातील आवाज आपल्याला सापडला, असे नव्हे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात ह्याच मोहाविषयी सावध केले आहे. अभ्यासक दुसऱ्याच्या वतीने बोलू लागला की जुन्या साहेबाच्या जागी नवा साहेब येतो. ठगी हे केवळ इंग्रजांचे कल्पित होते, असा निष्कर्षही वरील वाचनातून निघत नाही. किम वॅग्नर ह्यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात साक्षीदारांचे जबाब पारखून वापरता येतात, अशी भूमिका मांडली आहे. साक्षीदारांनी दाखविलेल्या जागी प्रेते निघाली, हा पुरावा जबाबाबाहेरचा आहे. ‘हे पिढीजात धर्मकृत्य आहे’ अशा, विचारणाऱ्याला आधीच मान्य असलेल्या उत्तरांना मात्र तसा आधार नसतो. विचारणाऱ्याच्या अपेक्षेविरुद्ध जाणारे उत्तर अधिक विश्वसनीय आणि तिच्याशी तंतोतंत जुळणारे अधिक संशयास्पद, ही कसोटी अशा ग्रंथांना लावून पाहावी.

ह्या कसोटीपलीकडेही काही मौने उरतात. अमीर अलीच्या हातून, ओळख नसताना, त्याची सख्खी बहीण मारली जाते. तिचा मृत्यू आपल्याला कळतो तो मारणाऱ्याच्या तोंडून, आणि तोही एका अधिकाऱ्याला सांगितलेला. तिचे म्हणणे काय होते ते ह्या ग्रंथातून कोणत्याही वाचनपद्धतीने बाहेर काढता येणार नाही. तिच्यापर्यंत पोहोचणारे शब्द दोन माणसांच्या हातून आले आहेत, एवढी नोंद मात्र करता येते, आणि ती करणे अभ्यासकाचे कर्तव्य होय.